पुसट झेरॉक्समधून चोवीस वर्षांचा पाऊस: एका तक्त्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

दुष्काळी पट्ट्यातल्या एका तालुक्यात पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थेला एका पर्जन्यमापक केंद्राची जुनी आकडेवारी हवी होती. बंधाऱ्यांच्या आधी आणि नंतर विहिरींची पातळी कशी बदलली हे पाहायचं, तर आधी पाऊस किती पडला होता ते कळायला हवं. १९९० साली छापलेल्या एका छोट्या पुस्तिकेत १९६६ ते १९८९ या चोवीस वर्षांचा जून ते ऑक्टोबरचा पाऊस मिलिमीटरमध्ये दिलेला होता. प्रत्येक वर्षाच्या ओळीत पाच महिने आणि शेवटी एकूण, तळाला प्रत्येक स्तंभाची सरासरी. सगळे मिळून दीडशे आकडे, सगळे देवनागरीत, प्रत्येक आकड्याला एक दशांश स्थळ.

पुस्तिका संस्थेकडे नव्हती. गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी तिची झेरॉक्स पूर्वी कधीतरी काढून ठेवली होती. ती त्यांनी स्कॅन करून पाठवली आणि संस्थेच्या कार्यकर्त्याने ती पीडीएफ माझ्याकडे ढकलली. सोबत एवढंच लिहिलं होतं, "बघा, काही निघतंय का."

अडचण

पीडीएफ उघडून मोठी केली की अक्षरांच्या जागी करड्या चौकोनांची रांगोळी दिसत होती. अशा वेळी लोक लगेच स्क्रीनशॉट घेऊन त्यावर काम सुरू करतात. मी तसं करत नाही, कारण पीडीएफच्या पोटातलं चित्र मुळात किती मोठं आहे हे आधी कळायला हवं.

```
pdfimages -list pan.pdf
pdfimages -all pan.pdf pan
```

पहिल्या आज्ञेने सांगितलं की चित्र ८२७ गुणिले ११६९ पिक्सेलचं, आठ बिटांचं करडं जेपेग आहे. म्हणजे ए-फोर पानाला १०० डीपीआय, दर इंचाला शंभर ठिपके. स्कॅन करून देणाऱ्या दुकानदाराने ऑनलाइन अर्जाला लागते तशी 'कमी केबीची' फाइल सवयीने करून दिली होती. त्यातल्या त्यात नशीब एवढंच की चित्र करडं होतं. ते निव्वळ काळं-पांढरं असतं तर पुढे लिहिलेलं बहुतेक काही करता आलं नसतं, कारण उजळ-गडद करायला मधल्या छटाच उरल्या नसत्या.

१०० डीपीआयला छापील अंकाची उंची साधारण दहा पिक्सेल भरली. टेसरॅक्टसारख्या अक्षरओळख करणाऱ्या प्रणालीला तीसच्या आसपास उंची मानवते. शिवाय देवनागरीत १ आणि ९ यांच्यातला फरक एका छोट्या वळणाचा असतो आणि दहा पिक्सेलांत त्या वळणाच्या वाट्याला दोन-तीन पिक्सेल येतात. दशांश चिन्ह तर दीड पिक्सेलाचा करडा डाग होता.

दुसरी गोष्ट कोनाची. पान काचेवर तिरकं ठेवलेलं होतं आणि तक्त्याची उजवी बाजू खाली झुकली होती. कोन १.८ अंशांचा, म्हणजे ऐकायला किरकोळ. पण तक्ता ६८० पिक्सेल रुंद, त्यामुळे डावीकडून उजवीकडे जाईपर्यंत ओळ सुमारे २१ पिक्सेल खाली येत होती आणि दोन ओळींमधलं अंतर होतं २५. म्हणजे १९७१ च्या ओळीने सरळ आडवं जाऊ लागलं तर 'एकूण'पाशी पोचेतो हाती १९७० चा आकडा यायचा. तिसरी अडचण पुस्तिकेच्या शिवणीची: डावीकडे काळपट सावलीचा पट्टा होता आणि वर्षांचा स्तंभ नेमका त्यात बुडालेला.

कोणते मार्ग होते

सगळ्यात साधा मार्ग हाताने टंकणं. दीडशे आकडे म्हणजे अर्ध्या तासाचं काम, त्यासाठी प्रतिमाप्रक्रियेचा घाट कशाला? तेही करून पाहिलं होतं. संस्थेतल्या दोघांनी मूळ पीडीएफवरून स्वतंत्रपणे टंकलं आणि दोन्ही याद्या जुळवल्या, तर चौदा ठिकाणी फरक निघाला. दोष त्यांचा नव्हता. डोळ्यालासुद्धा १ आणि ९ वेगळे दिसत नव्हते. म्हणून चित्र सुधारायचं ते निम्मं यंत्रासाठी आणि निम्मं माणसाच्या डोळ्यासाठी, हे पहिल्याच दिवशी ठरलं.

दुसरा मार्ग पुन्हा स्कॅन मागवण्याचा. शिक्षक म्हणाले, "अहो, ती झेरॉक्स माळ्यावरच्या ट्रंकेत गेली परत. दिवाळीत मुलगा आला की काढतो." दिवाळी अडीच महिन्यांवर होती आणि संस्थेला अहवाल तीन आठवड्यांत द्यायचा होता. मी तिथेच विषय सोडला. ते चुकलं, पण त्याबद्दल पुढे.

तिसरा मार्ग शिकवलेल्या न्यूरल जाळ्यांवर चालणाऱ्या सुपर-रिझोल्यूशनचा. हजारो चित्रांवरून शिकून ही साधनं अस्पष्ट चित्रात तपशील भरतात. फोटोतल्या पानाफुलांसाठी छान, पण आकड्यांच्या तक्त्यावर मला त्यांची भीती वाटते. दोन अंकांच्या मधला करडा डाग ती 'डाग' म्हणून ठेवत नाहीत, तर त्याचा एक रेखीव, खणखणीत अंक करतात. तो चुकीचा असला तरी तसाच खणखणीत दिसतो. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना 6 च्या जागी 8 ठेवत होती. तिथे कारण वेगळं होतं. जागा वाचवण्यासाठी सारखे दिसणारे तुकडे एकच मानणारी ती संपीडन पद्धत होती. पण धोका हाच: चूक अस्पष्ट दिसली तर माणूस थांबतो, स्वच्छ दिसली तर पुढे जातो. मी एका ओळीवर हा प्रयोग केला, एका संशयास्पद १ चा सुबक ९ झालेला पाहिला आणि तो मार्ग बंद केला. मोठं करायचं ते साध्या बायक्यूबिक पद्धतीने. ती नवीन माहिती आणत नाही, आहे तीच पसरून देते.

काय केलं

पहिला प्रयत्न घाईचा होता आणि फसला. मी आधी चित्र काळं-पांढरं केलं, मग सरळ केलं, मग तिप्पट मोठं केलं. किती गडद म्हणजे काळं याचा एकच उंबरठा संपूर्ण पानाला लावल्याने शिवणीजवळचा वर्षांचा स्तंभ सलग काळा झाला आणि उजवीकडची दशांश चिन्हं उडाली. अंकांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या झाल्या आणि फिरवताना त्या आणखी तुटल्या. निघालेल्या तक्त्यात पाच महिन्यांची बेरीज छापील एकूणशी जुळणाऱ्या ओळी होत्या चोवीसपैकी चार.

चूक क्रमात होती. दहा पिक्सेलांच्या अंकाचा आकार त्याच्या कडेच्या करड्या छटांत साठवलेला असतो. एखादा पिक्सेल निम्मा शाईवर आणि निम्मा कागदावर पडला असेल तर ते त्याच्या करडेपणावरूनच कळतं. काळं-पांढरं केलं की ती माहिती कायमची गेली, मग कितीही मोठं करा. तेव्हापासून करडं चित्र शेवटपर्यंत करडंच ठेवलं.

दुसऱ्या फेरीत आधी सावली काढली. यासाठी स्थानिक काँट्रास्ट वाढवणारी क्लाहे पद्धत हाताशी होती आणि मी तीच आधी वापरली. पण तिने अंकांबरोबर कागदाच्या मागच्या बाजूचं झिरपलेलं छापीलही उठावदार केलं, आणि दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत उलट्या अक्षरांची भुतं दिसू लागली. त्यापेक्षा भागाकाराची पद्धत बरी पडली. अंक पुसून टाकून उरलेल्या कागदाचा एक अंदाजी नकाशा बनवायचा आणि मूळ चित्राला त्याने भागायचं. जिथे कागदच काळपट आहे तिथे भाजकही लहान, म्हणून पार्श्वभूमी सगळीकडे सारखी पांढरी होते आणि शाई तेवढी गडद राहते.

मग कोन. आपोआप सरळ करणाऱ्या आज्ञेने पहिल्यांदा कोन चुकवला, कारण तिने तक्त्याऐवजी कागदाच्या कडेचा काळा पट्टा धरला. कागद काचेवर जेवढा तिरका असतो तेवढाच मजकूर कागदावर तिरका असतो असं नाही, त्यातून ही झेरॉक्सची स्कॅन. म्हणून आधी तक्त्यापुरतं चित्र कापलं आणि मग उणे तीन ते अधिक तीन अंशांपर्यंत दशांश अंशाच्या टप्प्याने फिरवत प्रत्येक वेळी आडव्या ओळींतल्या शाईची बेरीज घेतली. ओळी खरोखर आडव्या असतात तेव्हा शाईच्या ओळी आणि कोऱ्या फटी यांच्यातला फरक सगळ्यात तीव्र असतो. तो १.८ वर सगळ्यात तीव्र होता.

फिरवणं आणि मोठं करणं मी एकाच फटक्यात केलं. प्रत्येक वेळी चित्र नव्याने मोजलं गेलं की थोडं धूसर होतं. दोन वेळा धूसर करण्यापेक्षा एकदा बरं. प्रतिमाप्रक्रियेच्या ओपनसीव्ही या लायब्ररीत हे असं:

```python
import cv2, numpy as np
g = cv2.imread("takta.png", 0)
k = np.ones((9, 9), np.uint8)
bg = cv2.medianBlur(cv2.dilate(g, k), 31)
g = cv2.divide(g, bg, scale=255)
h, w = g.shape
M = 3 * cv2.getRotationMatrix2D((w/2, h/2), 1.8, 1.0)
out = cv2.warpAffine(g, M, (3*w, 3*h),
        flags=cv2.INTER_CUBIC, borderValue=255)
```

इथे कोन धन असला की चित्र घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. तक्त्याची उजवी बाजू खाली असेल तर धन कोनच लागतो. मी एकदा उलट चिन्ह देऊन तिरकेपणा दुप्पट करून घेतला होता, म्हणून लिहून ठेवतो.

आता संपूर्ण पान टेसरॅक्टला दिलं तर पंधरा ओळी जुळल्या. पुढची उडी चित्र आणखी घासून मिळाली नाही, ती तक्त्याच्या रचनेतून मिळाली. तक्त्याच्या आडव्या-उभ्या रेघा सापडल्यावर प्रत्येक घर वेगळं कापलं, भोवती दहा पिक्सेलांची पांढरी किनार सोडली आणि प्रत्येक घर एका ओळीचा मजकूर म्हणून वाचायला दिलं. सोबत फक्त देवनागरी अंकांची मुभा:

```
tesseract ghar.png - -l mar --psm 7 --dpi 300 \
  -c tessedit_char_whitelist=०१२३४५६७८९
```

या यादीत दशांश चिन्ह मुद्दाम नाही. सगळ्या घरांत एकच दशांश स्थळ आहे हे माहीत असताना तो दीड पिक्सेलाचा डाग वाचत बसायची गरज काय? अंक वाचायचे आणि शेवटच्याच्या आधी चिन्ह ठेवायचं. पहिल्या फेरीतल्या निम्म्या चुका याच डागाच्या होत्या. चिन्ह हरवलं की आकडा दहापट होतो, त्यामुळे बेरजेतला फरक मूळ आकड्याच्या बरोबर नऊपट येतो आणि लगेच ओळखू येतो.

मात्र अशा यादीचा एक काटा आहे. ऑक्टोबरच्या तीन घरांत आकडा नव्हता, आडवी रेघ छापलेली होती. रेघेला परवानगी नसल्याने दोन घरांत टेसरॅक्टने तिचा १ केला. पाऊस शून्य आणि नोंदच नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून ज्या घरात अंकाच्या उंचीइतकी शाई नाही ती घरं आधीच बाजूला काढून हाताने भरली. महिन्यांची नावं आणि वर्षंही हातानेच टंकली. चोवीस वर्षं क्रमाने लिहायला यंत्र कशाला हवं!

या टप्प्यावर चोवीसपैकी एकवीस ओळी जुळल्या.

उरलेल्या तीन ओळी

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. १९७८ च्या ओळीत जून ९८.२, जुलै १४९.६, ऑगस्ट ७६.०, सप्टेंबर १६९.४, ऑक्टोबर ४३.१ असं वाचलं गेलं. बेरीज ५३६.३, छापील एकूण ५२८.३. फरक बरोबर ८. हा फरक दिसला की मला १ आणि ९ ची अदलाबदल आठवते, कारण त्यांच्यातलं अंतर आठ आहे. फरक ८० आला तर दशक स्थानी आणि ०.८ आला तर दशांश स्थानी शोधायचं. पण इथे एकक स्थानी ९ असलेली दोन घरं आहेत, जुलै आणि सप्टेंबर. ओळीची बेरीज एवढंच सांगते की दोघांपैकी एक खोटं बोलतोय.

मग स्तंभाकडे गेलो. जुलैची छापील सरासरी ११८.४, तिला २४ ने गुणलं तर २८४१.६. वाचलेल्या जुलैची बेरीज २८४९.२ आली, म्हणजे ७.६ जास्त. सप्टेंबरचा स्तंभ जुळत होता. तेव्हा जुलैच दोषी, आणि खरा आकडा १४१.६. फरक नेमका ८ न येता ७.६ का आला? सरासरी एका दशांशापर्यंत छापलेली, म्हणजे तिच्यात ०.०५ पर्यंतची सूट आहे आणि २४ ने गुणल्यावर ती १.२ होते. ही मर्यादा पुढच्याच ओळीत आडवी आली.

१९८५: जून ४७.९, जुलै ८८.९, ऑगस्ट १०२.५, सप्टेंबर १२०.३, ऑक्टोबर ३०.०. बेरीज ३८९.६, छापील एकूण ३८८.८. फरक ०.८, पुन्हा १ आणि ९, यावेळी दशांश स्थानी, आणि पुन्हा दोन उमेदवार: जून आणि जुलै. स्तंभाची तपासणी १.२ पेक्षा लहान फरक खात्रीने पकडू शकत नाही, म्हणून इथे ती निकामी. मग एकवीस जुळलेल्या ओळींमधून खात्रीचे १ आणि खात्रीचे ९ वेगळे काढले, प्रत्येकाची सरासरी प्रतिमा बनवली आणि दोन्ही संशयित अंक त्यांच्याशी ताडून पाहिले. जुलैचा अंक ९ कडे स्पष्ट झुकला. जूनचा अंक मध्येच लटकला, १ कडे जरासा अधिक. दोघांपैकी एक चूक आहे हे नक्की असल्याने जून ४७.१ धरणं रास्त होतं, पण त्या घरापुढे मी 'अनुमानित' असा शेरा ठेवला.

१९८१ ची ओळ वेगळ्याच कारणाने अडली. पाच महिन्यांची बेरीज ४१२.६, छापील एकूण ४२१.६. फरक ९. नऊने भाग जाणारा फरक म्हणजे शेजारचे दोन अंक उलटसुलट झाल्याची खूण, हे जुन्या हिशेबनिसांना तोंडपाठ असतं. घर मोठं करून पाहिलं तर ४२१.६ अगदी स्वच्छ वाचता येत होतं. 'एकूण' स्तंभाची छापील सरासरी ४८६.२ होती आणि ती ४१२.६ धरली तरच येत होती, ४२१.६ धरलं तर ४८६.६ यायला हवी. म्हणजे हिशेब बरोबर केला होता, चूक छापताना झाली.

इथे कार्यकर्त्याचं आणि माझं थोडं वाजलं. त्यांचं म्हणणं, "सर, चूक कळलीय ना, मग दुरुस्त करूनच देऊ." मी म्हटलं, छापील आहे तसं एका स्तंभात, दुरुस्त केलेलं शेजारी, आणि कारण तिसऱ्यात. उद्या कुणी मूळ पुस्तिका घेऊन आलं तर त्याला आमचा आकडा का वेगळा आहे हे दिसायला हवं. तसंच केलं.

मोह उलट बाजूनेही झाला होता. १९७२ च्या ओळीत एका महिन्याचा आकडा ९.४ होता आणि संस्थेतल्या एकाला तो हमखास ९४ वाटत होता. पण ओळीची बेरीज जुळत होती आणि बहात्तर सालचा दुष्काळ महाराष्ट्राला सांगायला नको. आकडा विचित्र दिसतो एवढ्यावर तो बदलायचा नाही, हे आम्ही तिथे ठरवलं.

निकाल

अहवालाच्या आठ दिवस आधी तक्ता दिला. दीडशे घरांपैकी एकावर 'अनुमानित' शेरा, एकावर छापील चुकीची नोंद, तीन घरं 'नोंद नाही'. संस्थेने तो तसाच वापरला आणि शेरे परिशिष्टात ठेवले.

त्याच पुस्तिकेतली आणखी दोन पानं मग माझ्याकडे आली. तीच आज्ञावली जशीच्या तशी चालवली तर एका पानावर सपशेल आपटली. त्या पानात तळाची सरासरी छापलेली नव्हती आणि शिवणीजवळ ओळी तिरक्या नव्हत्या, वाकलेल्या होत्या. वाकलेल्या ओळीला एकच कोन नसतो. तिथे डावीकडचे दोन स्तंभ वेगळे कापून स्वतंत्रपणे सरळ करावे लागले आणि खात्रीसाठी फक्त ओळीची बेरीज उरली.

पुन्हा करायचं झालं तर

पुनःस्कॅनचा आग्रह मी सोडला नसता. दिवाळीत शिक्षकांच्या मुलाने ट्रंक काढली आणि खिडकीच्या उजेडात मोबाइलवरून त्या पानाचा फोटो काढून पाठवला, मी सांगितल्याप्रमाणे फोटो म्हणून नाही तर डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे वाटेत तो दाबला जाऊ नये. त्यात एका अंकाची उंची साठ पिक्सेलांच्या वर होती. दहा मिनिटांत सगळा तक्ता पडताळून झाला. खरं तर सुरुवातीला शिक्षकांना फक्त एक पान काढून खिडकीशी धरायला सांगितलं असतं तर त्यांनी ते दिवाळीपर्यंत लांबवलं नसतं. मी 'पुन्हा स्कॅन' म्हटलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे तालुक्याची एसटी आली.

दुसरं म्हणजे बेरजांची तपासणी मी पहिल्या फेरीआधीच लिहून ठेवायला हवी होती. क्लाहे चांगली की भागाकार चांगला, हे मी पहिले दोन दिवस चित्राकडे बघून ठरवत होतो. डोळ्याला क्लाहेचं चित्र जास्त आवडत होतं. किती ओळी जुळतात हे मोजायला लागल्यावर ती वादावादी पाच मिनिटांत मिटली.

फोटोत १९८५ चा जून ४७.१ निघाला. शेरा काढला. ऑगस्टच्या एका घरात मात्र आमचा आकडा चुकलेला सापडला: एकाच ओळीत ऑगस्टमध्ये ०.१ जास्त आणि सप्टेंबरमध्ये ०.१ कमी वाचलं गेलं होतं. ५ आणि ६ ची अदलाबदल दोनदा, विरुद्ध दिशांनी, आणि त्यामुळे ती ओळ पहिल्यापासून जुळलेल्या ओळींमध्ये शांतपणे बसून होती.